छातीवरचं शिबं

"शर्ट काढा," सिस्टर म्हणाली, आणि मला एकदम आठवलं की गॅरेजमध्ये फार महत्त्वाचं काम राहिलंय.

खरं तर कसलंही काम राहिलं नव्हतं. पण मी खिशातून फोन काढला, कानाला लावला, बंद फोनवर "हो हो, आलोच" असं म्हणालो आणि कमी दिवसांच्या बाळांच्या त्या उबदार खोलीतून बाहेर पडलो. बाहेरच्या लांबलचक बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या मारल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. आत काचेच्या पेटीत माझी सहा दिवसांची मुलगी झोपली होती, आणि तिचा बाप बाहेर बाकं मोजत होता.

मुलगी सात आठवडे आधी आली. वजन सोळाशे ग्रॅम. पहिले चार दिवस सलाईन, नळ्या, हे लाव, ते काढ असं चाललं. पाचव्या दिवशी सलाईन निघालं, श्वास ती स्वतःचा स्वतः घ्यायला लागली आणि नाकातल्या बारीक नळीतून दूध पचवायला लागली. सहाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, आता हिला उघड्या छातीवर धरायचं, कातडीला कातडी लागली पाहिजे, त्यानं बाळ गरम राहतं, श्वास नीट चालतो, वजन चढतं. हे काम आईनं करायचं. पण माझ्या बायकोच्या टाक्यांत पू झाला होता, ताप एकशे दोनच्या खाली यायला तयार नव्हता. सासूबाईंना खोकला, त्यांना त्या खोलीच्या दाराशीही उभं करत नव्हते. राहिलो मी.

आणि माझ्या छातीवर शिबं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिबं म्हणजे पाठीवर, छातीवर, खांद्यांवर उठणारे डाग. कुणाचे पांढुरके, कुणाचे तपकिरी. माझे पांढुरके. दुखत नाहीत, घाम आला की जराशी खाज, बस. नखानं खरवडलं तर बारीक कोंडा निघतो. उन्हाळ्यात येतात, औषधानं जातात, पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांसारखे परत हजर. आणि घामाचं म्हणाल तर मी गाड्यांना रंग मारतो. बंद खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकचा अंगरखा, तोंडावर मास्क, रंग वाळवायला गरम हवा सोडलेली. संध्याकाळी अंगरखा काढला की बनियन पिळावी लागते.

गॅरेजमध्ये मला "पावशेड" म्हणतात. म्हणजे रंगात पाव शेडचा जरी फरक असला तरी मला दिसतो. जुन्या गाडीचं एक दार बदललं, नवीन दाराला रंग मारायचा, तर तो शेजारच्या दाराशी असा जुळला पाहिजे की खुद्द मालकालाही कळू नये कुठलं दार नवीन. यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. याच डोळ्यांनी माझं वाटोळं केलं, म्हणून सांगतोय.

गेल्या वर्षी पहिल्यांदा शिबं आलं तेव्हा याच हॉस्पिटलातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. त्यांनी एक पिवळा शाम्पू दिला. ओल्या अंगाला लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, धुवून टाकायचा, असं सात दिवस. त्या आणखीही पुष्कळ बोलल्या. मी "हो हो" केलं. शाम्पू संपला, पुढे केव्हातरी डागही गेले. बायकोला मी छाती दाखवत म्हणालो, "कायमचं गेलं बघ." तिनं बोटानं चाचपून पाहिलं आणि हसली. ते हसणं मला आवडलं होतं.

या वर्षी ती सातव्या महिन्यात रक्तस्राव झाल्यामुळे माहेरी झोपून होती, आणि इकडे माझ्या अंगावर पुन्हा नकाशा उमटला. तिला काय सांगणार, कायमचं गेलेलं परत आलं म्हणून? मी गुपचूप तोच शाम्पू आणला. सात दिवस लावला. आठव्या दिवशी आरशासमोर उभा राहिलो, आणि आता पाहा माझी अक्कल. गॅरेजमधून रंगांच्या पट्ट्या घरी आणल्या, बदामी ते गव्हाळ अशा तेवीस. एक पट्टी डागाला जुळवली, एक शेजारच्या कातडीला. दोघांत चार पट्ट्यांचं अंतर. वहीत लिहून ठेवलं. तीन दिवसांनी पुन्हा पाहिलं. चारच. पुन्हा तीन दिवसांनी. चार.

म्हणजे औषध लागू पडलं नाही. माझ्या धंद्यात दुसरा अर्थच होत नाही. शेड जुळली की काम झालं, नाही जुळली की काम झालं नाही.

अशा अंगावर ते एवढंसं पोर कसं घेऊ? नखाएवढे कान तिचे. तिला हे लागलं तर? माझ्याकडून तिला मिळणारी पहिली गोष्ट ही असावी? कुणाला विचारावं म्हटलं तर आधी दाखवावं लागणार. सिस्टरला, मग डॉक्टरला, मग ते बायकोच्या कानावर जाणार. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. इतक्या साध्या गोष्टीची इतकी लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

सातव्या दिवशी मी म्हणालो, मला सर्दी आहे. सिस्टरनं माझं नाक पाहिलं, कोरडं ठणठणीत. आठव्या दिवशी म्हणालो, अंगाला रंगाचा वास येतो. ती म्हणाली, "मग आंघोळ करा की, साबण महाग झालाय का?" ही सिस्टर पन्नाशीची, बुटकी, चालताना चपला घासणारी. तिनं आयुष्यात शेकडो बाप पाहिले असणार. ती मला एव्हाना पुरती कंटाळली होती.

त्या दुपारी बायकोनं मला खाटेजवळ बोलावलं. ताप होता, ओठ सुकले होते, पण डोळे जागे होते.

"सिस्टर सांगत होत्या, तू तिला घेत नाहीस."

"कामं असतात गं. गॅरेजमध्ये माणूस कमी आहे."

"रोज दोन तास खाली बोळात फेऱ्या मारतोस. आईनं पाहिलंय. त्या दोन तासांत घेता येत नाही?"

मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उगाच सरकवला. मग परत होता तिथे ठेवला.

"एवढं सांग," ती म्हणाली, "तुला ती नकोशी झालीये का? अशी आली म्हणून?"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मग घे ना तिला."

यावर खरं सांगायला फार तर दहा शब्द लागले असते. मी म्हणालो, "उद्या घेतो." तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. सासूबाई कोपऱ्यात तोंडावर पदर धरून खोकत होत्या. मी निघालो तेव्हा त्यांनी मला "जावईबापू" म्हणून हाक मारली आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी सकाळी वजन झालं. दोन दिवसांत एक ग्रॅमही चढलं नव्हतं. सिस्टरनं आकडा मला वाचून दाखवला आणि कागदावर जरुरीपेक्षा जोरात लिहिला.

मी तडक गॅरेज गाठलं. जेवणाची सुट्टी होती, सगळे मागे डबे उघडून बसले होते. जुना रंग काही केल्या नवीन रंग धरू देत नसेल तर आम्ही काय करतो? घासत बसत नाही. थिनर लावतो, खालच्या पत्र्यापर्यंत सगळं साफ करतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. मी मोरीत गेलो, शर्ट काढला, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, घासायला लागलो.

पहिल्यांदा थंड लागलं. मग आग झाली. मी दात आवळून घासत राहिलो, कारण आग होतेय म्हणजे काम होतंय असं मला वाटलं. तळहाताएवढी जागा लालभडक झाली, तेव्हा हात थांबला. धैर्य संपलं म्हणून थांबला, शहाणपण सुचलं म्हणून नाही. डावी बाजू तशीच राहिली. नळाखाली अर्धा तास बसलो होतो. मालक दारावर थाप मारून म्हणाला, "पावशेड, आत काय राहायला गेलास का?"

दहाव्या दिवशी मी बाळांच्या खोलीत पाऊल टाकलं न टाकलं तोच सिस्टरनं नाक वर केलं.

"हा कसला वास?"

"कुठे काय."

"बाळाचे बाबा, इकडे या." तिनं मला बाहेर काढलं, हात धुण्याच्या बेसिनजवळ उभं केलं आणि सरळ माझ्या शर्टाची वरची दोन बटणं काढली. मला थांबवायलाही वेळ मिळाला नाही. आत लाल, ओलसर, सोललेली कातडी, आणि तिच्या भोवती पांढुरके डाग. तिनं एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे.

"हे काय लावलंत?"

"थिनर."

"कशासाठी?"

मग मी सांगितलं. सगळं. शाम्पू, पट्ट्या, वही, चार शेडचं अंतर. सांगताना माझंच मला ऐकवेना. तिनं मधेच थांबवून विचारलं, "आणि यासाठी तुम्ही सर्दीचं सोंग केलंत?"

"हो."

"चला," ती म्हणाली. चपला घासत ती माझ्या पुढे जिना चढली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या रांगेतल्या पंधरा माणसांना ओलांडून तिनं मला डॉक्टरबाईंपुढे बसवलं.

डॉक्टरबाईंनी आधी भाजलेल्या जागेला मलम लावून पट्टी केली. मग डाव्या बाजूचा एक डाग दोन बोटांनी ताणला आणि काचेच्या पट्टीच्या कडेनं हळूच खरवडला. काच उजेडात धरून मला दाखवली.

"काही दिसतंय?"

"नाही."

"गेल्या वर्षी अशाच काचेवर कोंडा पडला होता. आठवतं? सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हाला दाखवलाही होता, बारीक तंतू आणि गोल गोळे. ती बुरशी." त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि हातातला जांभळट दिवा माझ्या छातीवर, मग पाठीवर फिरवला. "सगळ्यांचं चमकत नाही, पण तुमचं तेव्हा पिवळं-हिरवं चमकलं होतं. आता काहीच नाही. शाम्पू कधी संपला?"

"वीस दिवस झाले."

"मग बुरशी तेव्हाच मेलीये."

"पण डाग आहेत ना अजून," मी म्हणालो. "शेड हललेली नाही. मी मोजलंय."

"ते डाग म्हणजे बुरशी नाही. ती असते तोवर कातडीला रंग करू देत नाही. ती मेल्यावर कातडी पुन्हा कामाला लागते, पण हळू. दोन महिने, तीन महिने, कधी त्याहून जास्त. हे तुम्हाला गेल्या वर्षी सांगितलं होतं." त्यांनी माझा जुना कागद पुढे ओढला. "हेही सांगितलं होतं की उन्हाळ्यात महिन्यातून एकदा शाम्पू लावत राहा, डाग असोत नसोत. लावलात?"

"डाग गेले होते, म्हणून..."

"म्हणून काम संपलं." त्या चिडल्या नव्हत्या, पण मला त्यांचं शांत बोलणं जास्त झोंबलं. "ही बुरशी बाहेरून येत नाही. ती सगळ्यांच्या अंगावर असते, तुमच्या, माझ्या, या सिस्टरच्या. घाम, गरमी, कातडीचं तेल मिळालं की काहींच्या अंगावर फोफावते. शिबं असं एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

"बाळाला?"

"सलाईन चालू असलेल्या अगदी नाजूक बाळाच्या बाबतीत बाळाचे डॉक्टर सगळ्याच बाबतीत जपतात. तुमच्या बाळाचं मी आत्ता विचारते." त्यांनी तिथूनच खाली फोन लावला. बराच वेळ "हो", "नाही", "तेच तर" असं चाललं. मी खुर्चीच्या कडेवर बसून गुडघा हलवत होतो. सिस्टरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला.

फोन ठेवून डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांची काही हरकत नाही. या डागांसाठी कधीच हरकत नव्हती. तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर दहा मिनिटांत वर येऊन खाली गेला असतात. आता हरकत आहे ती थिनरची. अंगाला तो वास घेऊन त्या खोलीत जायचं नाही, आणि ही सोललेली जागा कोरडी पडल्याशिवाय तर नाहीच नाही. तीन दिवस."

"तीन दिवस?"

"गॅरेजमध्येही जायचं नाही."

जिना उतरताना मला एक कळलं. आजारानं माझ्या पोरीचं काही बिघडवलं नव्हतं. जे काही बिघडवलं ते मी. सिस्टर माझ्या मागून येत होती. मला वाटलं ती आता समजूत घालेल. ती म्हणाली, "कपडे गरम पाण्यात धुवा. तेही वास धरतात."

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाळांच्या खोलीला एक काच आहे. काचेबाहेर उभा राहायचो, थकलो की बसायचो, बसवेना की पुन्हा उभा. दोनदा सिस्टरनं स्वतः खुर्ची ओढून, सुट्टी झाल्यावर, अंगात उघड्या गळ्याचा स्वच्छ झगा घालून माझ्या मुलीला अर्धा अर्धा तास छातीशी धरलं. तिची ड्युटी तेव्हा संपलेली असायची. मी काचेतून पाहायचो आणि कुणाकडे पाहून हात जोडावे ते कळायचं नाही. बायकोचा ताप उतरायला लागला होता. ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. दोन वेळा माझ्या ओठांवर सगळं आलं, दोन्ही वेळा मी गिळलं.

तेराव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी काढली. खपली धरली होती. त्यावर कोरडी नवी पट्टी लावली. सिस्टरनं मला जवळ बोलावून गळ्यापाशी वास घेतला, मान डोलावली आणि आरामखुर्चीत बसवलं.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

मी काढला. खोलीत आणखी दोन आया होत्या, आपापली बाळं घेऊन बसलेल्या. त्यांच्यापैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टरनं पेटी उघडली, मुलीला टोपीसकट उचललं आणि माझ्या डाव्या बाजूला, बरोबर डागांवर, पालथी ठेवली. वरून कापड गुंडाळलं. माझा एक हात तिच्या बुडाखाली ठेवला, दुसरा पाठीवर.

ती गरम होती. वजन म्हणाल तर काहीच नव्हतं, आणि तरी मला श्वास जपून घ्यावा लागत होता. आधी तिनं थोडी चुळबुळ केली, तोंड इकडून तिकडे घासलं. मग तिची पाचही बोटं माझ्या कातडीवर पसरली आणि ती शांत झाली. मला रडू आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

असा किती वेळ गेला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा चाकाची खुर्ची आधी आत आली, मग तिच्यावर बसलेली माझी बायको. ताप गेला म्हणून तिला पहिल्यांदाच खाली आणली होती. मागून खुर्ची ढकलणारी आयाबाई तिला माझ्या शेजारी लावून निघून गेली.

बायकोनं आधी मुलीला पाहिलं. बराच वेळ. मग तिची नजर माझ्या छातीवर आली, डागांवर, पट्टीवर, पुन्हा डागांवर. तिनं कापड थोडं बाजूला केलं.

"हे परत आलं?"

"हो."

"कधी?"

"तू माहेरी होतीस तेव्हा. आता मेलंय, नुसते डाग आहेत. मला वाटलं, तिला लागेल. आणि तुला म्हटलं होतं ना, कायमचं गेलं म्हणून."

मला वाटलं, हसेल. गेल्या वर्षी हसली होती तशी. तिचा चेहरा तसा झालाच नाही. डोळे भरले, पण रागानं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, बाळं झोपली होती म्हणून. "एक आठवडा ती त्या पेटीत एकटी होती. एक आठवडा मी वर पडून विचार करत होते की हिला घेऊन मी एकटीनं कसं निभवायचं. घर कुठे घ्यायचं, काम कुठलं शोधायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं. एवढ्यासाठी?"

मी खुर्चीतून थोडा तिच्याकडे वळायला गेलो.

"हलू नकोस," ती म्हणाली. "झोपलीये ती."

मी हललो नाही. तिनं खुर्चीच्या चाकाचा ब्रेक लावला, डोळे पुसले आणि आमच्या दोघांकडे बघत तिथेच बसून राहिली.